शिकवणीची फी: मांडणी, बाकी आणि आठवण (नवशिक्यांसाठी)

ही मार्गदर्शिका घरी शिकवण्या घेणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे ज्यांच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाच ते आठ सतरंजी अंथरलेली असते, दाराबाहेर चपलांचा ढीग असतो आणि ज्यांच्या घरच्यांना टीव्ही आवाज बंद करून बघायची सवय झालेली असते, त्यांच्यासाठी. मोठ्या क्लासवाल्यांनी वाचू नये. त्यांच्याकडे काउंटर असतो, काउंटरमागे पावती फाडणारं माणूस असतं आणि फी जूनमध्येच घेऊन टाकलेली असते. शाळेत नोकरी करून शिकवण्या घेणाऱ्यांनीही इथेच थांबावं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं २८ वं कलम शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई करतं, त्यामुळे अशा कमाईचा तक्ता नीटनेटका ठेवणं म्हणजे आपल्याच विरुद्ध पुरावा आपल्याच सुंदर अक्षरात तयार करणं.

उरलेल्यांनी पुढे यावं.

नवशिक्याचा पहिला समज असा असतो की दहा-बारा तर मुलं आहेत, कोणी दिले आणि कोणी नाही एवढं काय लक्षात राहायचं नाही? हा समज साधारण गणपतीपर्यंत टिकतो. मग माणूस वही आणतो, डावीकडे मुलांची नावं लिहितो, वर जून ते एप्रिल महिने आखतो आणि पैसे आले की त्या चौकोनात बरोबरची खूण करतो. वही फार छान दिसते आणि पैसे बुडायला सुरुवात इथूनच होते.

पायरी पहिली: बरोबरच्या खुणा बंद करा

आपण उदाहरण घेऊ. नववीतला आदित्य गणित-विज्ञानाला येतो, महिना १२०० रुपये. साल २०२५. तो १६ जूनला आला म्हणून जूनचे निम्मे, ६०० ठरले. (विदर्भातल्या वाचकांनी आपापल्या हिशेबाने पुढे सरकावं, तिकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीला उघडतात.) २० जूनला ६०० रुपये रोख आले. वहीत जूनखाली खूण.

९ जुलैला आदित्यच्या आई दारात आल्या. हातात लग्नाच्या आहेराचं पाकीट, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं, कारण घरात दुसरं पाकीट नव्हतं. आत हजार. "मॅडम, दोनशे सुटे नव्हते हो, पुढच्या वेळी देते." तुम्ही म्हणालात, "अहो, असू दे की, कुठे पळून चाललाय!" आणि जुलैखाली खूण केली. १४ ऑगस्टला कोणा अनोळखी नावावरून १२०० आले. चौकशीअंती ते आदित्यचे मामा निघाले. ऑगस्टखाली खूण. ६ सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीला, गणपतीचा खर्च आटोपत आला तेव्हा ५०० आले. ही खूण करावी की नाही या विचारात तुम्ही अर्धी खूण केली, जी पुढे कोणालाच, तुम्हालाही, वाचता येणार नाही.

आता सप्टेंबरच्या मध्यावर वही उघडा. जून झाला, जुलै झाला, ऑगस्ट झाला, सप्टेंबरचे ५०० आले. म्हणजे ७०० बाकी. आदित्यच्या आईंचंही हेच म्हणणं आहे. दोघांचं एकमत झालं की हिशेब बरोबर असतो असं आपल्याकडे मानतात. पण नुसते आकडे घ्या. चार महिन्यांची आकारणी ४८००, त्यातून जूनची सूट ६००, राहिले ४२००. जमा झाले ६०० अधिक १००१ अधिक १२०० अधिक ५००, म्हणजे ३३०१. बाकी ८९९. जुलैचे एकशे नव्याण्णव रुपये त्या खुणेखाली गाडले गेले. (नाण्याचा रुपया जमा धरायचाच. तो शुभ असतो हे खरं, पण तो आलेलाही असतो.)

यावरून नियम असा: पैसे कोणत्या महिन्याचे हे लिहायचंच नाही. किती आले आणि कोणत्या तारखेला आले एवढंच लिहायचं. एकूण झाले किती, आले किती, राहिले किती. महिना ही पालकांच्या मनातली गोष्ट आहे आणि ती तिथेच राहू द्यावी.

पायरी दुसरी: दोन पानं

लांब वही चालेल, दोन पानं आखून. पण मोबाइलवर गूगल शीट्स असेल तर बेरीज करायचे कष्ट वाचतात. एका पानाला 'मुलं' नाव द्या, दुसऱ्याला 'जमा'.

'जमा' हे पान रोजकीर्दीसारखं. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात मुलाचा क्रमांक, तिसऱ्यात रक्कम, चौथ्यात पैसे कसे आले आणि कोणाकडून. प्रत्येक वेळी पैसे आले की नवी ओळ. जुन्या ओळीत हात घालायचा नाही, कितीही मोह झाला तरी. मामांचं नाव चौथ्या रकान्यात आलंच पाहिजे, नाहीतर डिसेंबरात ते पुन्हा अनोळखी होतील. दोन भावंडांची फी एकाच वेळी आली तर दोन ओळी करा.

'मुलं' या पानावर प्रत्येक मुलाची एकच ओळ. A मध्ये क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये ज्या महिन्यात आला त्या महिन्याची १ तारीख, D मध्ये महिन्याची फी, E मध्ये आजवर दिलेली एकूण सूट. आदित्यच्या ओळीत C मध्ये १ जून आणि E मध्ये ६००. आता F मध्ये बाकी:

```
=D2*(DATEDIF(C2,TODAY(),"M")+1)-E2-SUMIF('जमा'!B:B,A2,'जमा'!C:C)
```

म्हणजे जूनपासून आजपर्यंत किती महिने लागले ते मोजायचे, चालू महिना धरून. त्याला फीने गुणायचं, सूट वजा करायची, आणि 'जमा' पानावर या क्रमांकासमोर जेवढं आलं असेल तेवढं सगळं वजा करायचं. उत्तर उणे आलं तर घाबरू नका, कोणीतरी आगाऊ दिले आहेत. असे पालक असतात. त्यांच्या मुलांना जपा.

नावाऐवजी क्रमांक का, असं विचाराल. कारण नववीत आरव दोन असतात आणि तिसरा 'आरव' नावापुढे चुकून एक मोकळी जागा सोडून लिहिलेला असतो. तुम्हाला ती दिसत नाही, शीटला दिसते, आणि ती त्याचे पैसे मोजत नाही. क्रमांक मात्र N4 असा द्या, नववीतला चौथा. 9-4 असा दिलात तर शीट त्याची तारीख करते आणि मुलगा ९ एप्रिल होऊन बसतो.

या सूत्राला दोन ठिकाणी मर्यादा आहे. फी मध्येच वाढवलीत तर ते जूनपासूनच वाढली असं धरतं. म्हणून वाढ जूनमध्येच करा आणि दर वर्षी नवीन शीट घ्या. आणि एखादं मूल ऑगस्टमध्ये सोडून गेलं तर सूत्राला ते कळत नाही. फेब्रुवारीत बघाल तर त्या बिचाऱ्याच्या नावावर सात-आठ हजारांचं कर्ज. मूल गेलं की त्याच दिवशी बाकीचा आकडा हाताने लिहा आणि ती ओळ 'गेलेले' नावाच्या तिसऱ्या पानावर हलवा. हे पान दिवाळीत साफसफाईच्या वेळी उघडून बघायचं असतं.

पायरी तिसरी: डावीकडे आणि उजवीकडे

आता नवशिक्याचा सर्वात मोठा शत्रू. तो म्हणजे आपली शाळेत लागलेली चांगली सवय. रक्कम लिहिली की पुढे तिरकी रेघ आणि आडवी रेघ मारायची, कोणी शून्य वाढवू नये म्हणून. 'जमा' पानावर 1200/- लिहिलंत की ती शीटच्या दृष्टीने रक्कम राहत नाही, नुसती अक्षरं होतात. बेरजेत ती येत नाही. परिणाम असा होतो की ज्यांनी वेळेवर, सुट्या पैशांसकट, हसतमुखाने फी दिली त्यांच्याच नावापुढे बाकी दिसते आणि तुम्ही त्यांनाच आठवणीचा मेसेज पाठवता. शिकवणीच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. बाकी सगळं पालक विसरतात, हे विसरत नाहीत.

ओळखायची खूण सोपी आहे. आकडा चौकटीत उजवीकडे चिकटलेला असेल तर तो आकडा. डावीकडे चिकटलेला असेल तर ती अक्षरं. आठवणीचे मेसेज पाठवण्याआधी 'जमा' पानाच्या रकमांवरून एकदा नजर फिरवा. डावीकडे कोणी बसलेलं दिसलं तर त्याला आधी सरळ करा.

तारखांचंही तेच. तुमची शीट अमेरिकेच्या पद्धतीवर असली तर तुम्ही लिहिलेली 5/7/2025 ही तिच्या लेखी ७ मे असते, आणि 15/7/2025 ही तारीखच नसते, ती डावीकडे जाऊन बसते. File मधून Settings मध्ये जा आणि Locale ला India करा. हे पहिल्याच दिवशी करा. नंतर केलंत तर आधी चुकलेल्या तारखा आपोआप सुधारत नाहीत, त्या हाताने पुन्हा लिहाव्या लागतात.

पायरी चौथी: आठवणीची तारीख

फी ५ तारखेपर्यंत द्यावी असं सगळे सांगतात. पण ६ तारखेला मेसेज टाकणारा शिक्षक पालकांना लोभी वाटतो आणि २० तारखेला टाकणारा सावकाश. मधली तारीख शोधायला फार लांब जायला नको. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हावा असं कायदा सांगतो, म्हणून आठवण ८ तारखेला. त्या दिवशी खात्यात पैसे आलेले असतात आणि अजून हप्त्यांनी खाल्लेले नसतात.

G या रकान्यात ही तारीख शीटलाच काढू द्या. ती सर्वात जुना अपुरा महिना शोधते आणि त्याची ८ तारीख देते. H हा रकाना सध्या रिकामा ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

```
=IF(H2<>"",H2,EDATE(C2,INT((E2+SUMIF('जमा'!B:B,A2,'जमा'!C:C))/D2))+7)
```

आदित्यचं बघा. जमा ३३०१ आणि सूट ६००, मिळून ३९०१. त्याला १२०० ने भागलं तर तीन महिने पूर्ण होतात आणि थोडे उरतात. म्हणून चौथा महिना, सप्टेंबर, आणि आठवण ८ सप्टेंबर. ज्याने सप्टेंबरचे सगळे दिले असतील त्याच्या समोर आपोआप ८ ऑक्टोबर येतं. सूत्र लिहून झाल्यावर G मध्ये पंचेचाळीस हजारांच्या घरातला विचित्र आकडा दिसला तर फॉरमॅट तारखेचा करा. मग सशर्त रंग लावताना हे सूत्र द्या, म्हणजे तारीख उलटलेल्या ओळी लाल होतील:

```
=AND($F2>0,$G2<=TODAY())
```

फिका लाल घ्या. शीट उघडल्यावर आपल्यालाच धसका बसू नये.

पायरी पाचवी: वचनांचं तारखेत रूपांतर

आता H. आठवण गेल्यावर पालक पैसे पाठवत नाहीत, वचन पाठवतात. ते वचन त्याच दिवशी तारखेत बदलून H मध्ये लिहायचं असतं. मग G तीच तारीख दाखवू लागतो आणि तोपर्यंत ओळ लाल होत नाही.

"पगार झाला की" म्हणजे पुढची ८ तारीख, हे झालंच. "पितृपक्षात नको हो पैशाचे व्यवहार, घट बसले की देते" याचा अर्थ २०२५ साली २२ सप्टेंबर. हे वचन मी सर्वांत विश्वासू मानते, कारण घटाला साक्षी ठेवलेलं असतं. "दिवाळीचा बोनस झाला की" म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आधीचा शनिवार. लक्ष्मीपूजनानंतर घरात पैसा राहत नाही, फटाके राहतात. "हे गावाहून आले की" या वचनाला तारीख नसते. अशा वेळी आजपासून आठवा दिवस लिहा. "अहो, आदित्यकडे दिले होते की!" हे वचन नाही, हा तपास आहे. तो आदित्यच्या दप्तरात करायचा असतो आणि तो त्याच्या आईने करायचा असतो.

"पाठवलेत हो, स्क्रीनशॉट टाकलाय" याबद्दल थोडं थांबू. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. यूपीआयचा व्यवहार 'पेंडिंग' दाखवून नंतर परतही जातो आणि पालक प्रामाणिकपणे समजतात की गेले. बँकेचा मेसेज किंवा पासबुकातली नोंद बघा, आणि व्यवहाराच्या बारा आकडी क्रमांकातले शेवटचे चार आकडे 'जमा'च्या चौथ्या रकान्यात लिहा. उद्या वाद निघाला तर आवाज चढवायच्या ऐवजी चार आकडे वाचून दाखवता येतात.

पैसे आले की H मधली तारीख पुसायची. ही पुसायची राहते. मग ज्यांनी घट बसल्यावर खरोखर दिले त्यांच्या समोर ऑक्टोबरभर २२ सप्टेंबर तसंच दिसतं, आणि नव्या महिन्याची आकारणी लागली की ओळ १ तारखेलाच लाल होते. पुन्हा तेच पाप.

पायरी सहावी: मेसेज

मेसेज वैयक्तिक पाठवा. पालकांच्या ग्रुपवर "काही जणांची फी बाकी आहे, कृपया लक्ष द्यावे" असं टाकलं की ज्यांनी दिली आहे ते तिघे घाबरून विचारतात आणि ज्यांची बाकी आहे ते हात जोडल्याची खूण टाकून मोकळे होतात. मुलाच्या हाती चिठ्ठी तर अजिबात नको. तो अपूर्णांक शिकायला आला आहे, वसुलीला नाही.

मेसेजात कारण विचारू नका, दिलगिरी नको, आकडा आणि तारीख असू द्या: "नमस्कार. आदित्यची सप्टेंबरअखेर आकारणी ४२००, जमा ३३०१, बाकी ८९९. शनिवार २० तारखेपर्यंत पाठवाल का?" ८९९ हा आकडा बाटाच्या चपलेच्या किमतीसारखा दिसतो, पण त्याचा एक फायदा आहे. नऊशे म्हटलं की पालक घासाघीस करतात. ८९९ म्हटलं की त्यांना वाटतं, इथे खरंच हिशेब ठेवलेला आहे. "अहो पण ७०० ना?" असं उत्तर आलंच, तर 'जमा'मधल्या आदित्यच्या चारही ओळींचा फोटो पाठवा. फक्त त्याच्याच. शेजारच्या ओळीत सोसायटीच्या अध्यक्षांची बाकी असू शकते.

आठ दिवसांनी दुसरा मेसेज, तोच, फक्त तारीख बदलून. तिसऱ्या वेळी फोन करा, दुपारी चार वाजता, चहाच्या वेळी. चाचणीचे गुण हातात दिल्याच्या दिवशी मात्र फीचा विषय काढू नका. गुण कमी असतील तर फी जास्त वाटते, आणि चांगले असतील तर तुम्ही त्याचंच बिल लावताय असं दिसतं.

गैरहजेरीची वजावट हा शेवटचा घोळ. "आठ दिवस तापाने होता, तेवढे कमी करा ना." करायचे की नाही हे जूनमध्येच ठरवून प्रवेशाच्या दिवशी सांगा, दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीचंही तेव्हाच. दिलीत तर सूट E मध्ये जाते, बाकीच्या आकड्याला हात लावून नाही. बाकी हाताने बदलली की सूत्र पुसलं जातं आणि तो मुलगा कायमचा त्या आकड्यावर थिजून राहतो. पालकांची याबद्दल कधी तक्रार येत नाही.

दहावीच्या मुलांसाठी हे सगळं नियोजन एक महिना अलीकडे आणावं लागतं. २०२५ ची बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती. त्याच्या आधी दोन आठवडे मुलं "घरी अभ्यास करतो" म्हणून यायची थांबतात आणि परीक्षेनंतर ती दिसतात ती थेट पेढे घेऊन, तेव्हा फीचं कोण बोलणार? म्हणून दहावीवाल्यांची C ची तारीख १ जूनऐवजी १ मे टाका, म्हणजे सूत्र त्यांच्याकडून एक महिना आगाऊ मागेल. हे प्रवेशाच्या दिवशीच पालकांना सांगून टाका, आणि जानेवारीअखेर त्यांच्या सगळ्या ओळी शून्यावर आणा. फेब्रुवारीत दहावीची बाकी मागायची नसते.